भिजलेल्या मालाचे सर्वेअरने केलेले मूल्यांकन मान्य नाही, आता पुढे काय करावे?

वहीतागा

माझा कागद, वह्या आणि कार्यालयीन सामानाचा घाऊक व्यवसाय आहे व तो एकट्याच्या मालकीचा आहे. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी घेतलेली असून त्यात मालासाठी २० लाख रुपयांची विमा रक्कम आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री गोदामात पाणी शिरले आणि खालच्या दोन फळ्यांवरचा बहुतेक सर्व माल भिजला. सर्वेअर दुसऱ्याच दिवशी आले, त्यांनी माझ्यासमोर मोजणी केली आणि भिजलेल्या मालाची खरेदी किंमत ९ लाख रुपये भरली. या आकड्यावर आमच्यात काहीही वाद नाही.

वाद पुढचा आहे. त्यांनी अंतिम भरपाई ४,७५,००० रुपये काढली आहे. लेखी मागणी केल्यावर मला अहवालाची प्रत मिळाली. त्यात जुन्या मालापोटी ९० हजार, साल्व्हेजपोटी १ लाख ६० हजार आणि त्यानंतर अंडरइन्शुरन्सपोटी दीड लाख रुपये वजा केले आहेत. गोदामात त्या दिवशी २६ लाखांचा माल होता, असे अहवाल म्हणतो. माझ्या मते माल याहूनही अधिक होता आणि तसे पत्र मी विमा कंपनीला लिहिणार आहे. हा मार्ग योग्य आहे का, आणि कंपनीने ऐकले नाही तर पुढे कोणाकडे जावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

सरळरेघ

सर्वेअरची नेमणूक कंपनी करते आणि त्याचे शुल्कही कंपनीच देते, त्यामुळे अहवाल कोणाच्या बाजूने झुकणार हे उघड आहे. तुम्ही स्वतः एक परवानाधारक सर्वेअर नेमून त्याचा अहवाल जोडा. दुसरा अहवाल आला की कंपनीला तो मान्य करावाच लागतो.

मोजपट्टी

मी अनेक वर्षे आग आणि मालाच्या दाव्यांचे सर्वेक्षण केले असून आता निवृत्त आहे. सरळरेघ यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. शुल्क कंपनी देते हे खरे, परंतु परवाना विमा नियामकाचा असतो, आचारसंहिताही नियामकाचीच असते आणि अहवालातील प्रत्येक वजावटीचे कारण देणे सर्वेअरवर बंधनकारक असते. तुम्ही नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल हा तुमच्या बाजूचा पुरावा ठरतो. तो चांगला असेल तर त्याला वजन येते, पण तो मान्य करण्याचे बंधन कंपनीवर नसते.

वहीतागा, तुम्हाला मात्र माझी कळकळीची विनंती आहे की ते पत्र अजून पाठवू नका. गोदामात २६ लाखांपेक्षा जास्त माल होता असे तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून दिलेत, तर तुमची भरपाई वाढणार नाही, उलट कमी होईल. अहवालाच्या शेवटी मालाच्या हिशेबाचा एक तक्ता असेल. त्यातील आरंभीचा साठा, खरेदी, विक्री आणि ढोबळ नफ्याची टक्केवारी हे चार आकडे इथे द्या. त्यानंतर नेमके कुठे बोट ठेवायचे ते सांगता येईल.

चाकधारी

माझ्या गाडीच्या बाबतीतही अगदी असेच झाले. पुढचा बंपर आणि दिव्याची काच फुटली होती. सर्वेअरने बंपरची निम्मीच किंमत धरली आणि मी कितीही भांडलो तरी त्याने ती वाढवली नाही. म्हणून माझा सल्ला असा की जास्तीत जास्त रक्कम मागावी, म्हणजे निदान मधला आकडा तरी पदरात पडतो.

मोजपट्टी

चाकधारी, तुमचे प्रकरण वेगळ्या जातीचे आहे. गाडीच्या प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा हा पॉलिसीतच छापलेला असतो, तर काचेच्या भागांवर घसारा नसतो. तिथे सर्वेअरला स्वतःची बुद्धी वापरण्यास फारशी जागा नसते, म्हणून भांडूनही उपयोग झाला नाही. मालाच्या दाव्यात मात्र किमान तीन ठिकाणी सर्वेअर अंदाज बांधतो आणि पुराव्याने तो अंदाज हलवता येतो. ‘जास्त मागावे म्हणजे मधले मिळते’ हा सल्ला इथे तर घातक आहे. फुगवलेली मागणी दिसली की सर्वेअर बाकीच्या कागदांकडेही संशयाने पाहू लागतो, आणि खोटी मागणी सिद्ध झाल्यास संपूर्ण दावाच फेटाळण्याचा अधिकार पॉलिसी कंपनीला देते.

वहीतागा

मोजपट्टी सर, तक्त्यातील आकडे असे आहेत: १ एप्रिलचा साठा १६ लाख, त्या दिवसापासून पाणी शिरेपर्यंतची खरेदी ३४ लाख, त्याच काळातील विक्री ३० लाख आणि ढोबळ नफा २० टक्के. खरेदी व विक्रीचे आकडे जीएसटी वगळून आहेत. नफ्याची टक्केवारी त्यांनी गेल्या वर्षीच्या ताळेबंदातून घेतली आहे.

मोजपट्टी

आता चित्र स्पष्ट झाले. तुम्हाला सविस्तर लिहितो, कारण या प्रकारच्या दाव्यात लोक बहुधा चुकीच्या आकड्यावर भांडतात.

सर्वेअरने भिजलेला माल मोजला, पण कोरडा राहिलेला सगळा माल त्याने बहुधा मोजला नसेल. संपूर्ण गोदामात किती माल होता हे तो हिशेबाच्या पुस्तकांवरून काढतो. आरंभीचे १६ लाख आणि खरेदीचे ३४ लाख मिळून ५० लाखांचा माल आला. ३० लाखांच्या विक्रीत २० टक्के नफा धरला तर विकलेल्या मालाची खरेदी किंमत २४ लाख होते, म्हणून गोदामात २६ लाखांचा माल शिल्लक असायला हवा, असा त्याचा निष्कर्ष निघतो.

विमा रक्कम २० लाख आणि माल २६ लाखांचा, म्हणजे तुम्ही सुमारे २३ टक्के माल विम्याशिवाय ठेवला होता असे ठरते. तुमच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, पण तूट त्यापलीकडे गेली की माफी उरत नाही आणि नुकसान त्या प्रमाणात कापले जाते. ९ लाखांतून ९० हजार आणि १ लाख ६० हजार वजा करून ६,५०,००० उरले. त्याला २० भागिले २६ या प्रमाणात कापल्यावर ५,००,००० झाले आणि ५ टक्के सक्तीची वजावट गेल्यावर ४,७५,००० राहिले. तुमच्या अहवालातील आकडा असा आला आहे.

भिजलेल्या मालाची मोजणी झालेली आहे आणि ती ९ लाखांवर पक्की आहे. त्यामुळे एकूण साठा ३० लाखांचा होता असे म्हटल्याने नुकसान वाढत नाही, फक्त तूट वाढते. तुम्ही पाहायला हवे ते उलट बाजूने: एकूण साठा खरोखर २६ लाखांचा होता का? मी दोन गोष्टी तपासायला सांगेन. या वर्षी कमी नफ्यावर मोठी विक्री झाली का? आणि खरेदीच्या ३४ लाखांत असे एखादे बिल आहे का, ज्याचा माल पाणी शिरले त्या रात्री गोदामात पोहोचलाच नव्हता? उत्तर ‘नाही’ असेल तर सर्वेअरचा हिशेब बरोबर आहे, आणि ते मान्य करावे लागेल. कागदपत्रे जे दाखवतील तेच लिहा.

वहीतागा

दोन्ही गोष्टी आहेत. जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी दोन मोठ्या संस्थांना वह्यांचा ठोक पुरवठा अगदी कमी दराने केला होता. शिवाय गिरणीकडून आलेले २ लाखांचे एक बिल पुस्तकात नोंदलेले आहे, पण तो माल पाणी शिरल्यानंतर चौथ्या दिवशी उतरला. सर्वेअरने याबद्दल मला विचारलेच नव्हते.

ताळेबंद

मी लेखापरीक्षण करते. या २ लाखांसाठी ई-वे बिल, वाहतूकदाराची बिल्टी आणि गोदामातील माल उतरवल्याची नोंद ही तीन कागदपत्रे एकत्र जोडावीत, कारण त्यांवरील तारखा पाण्याच्या घटनेनंतरच्या असतील तर त्यावर कोणालाही वाद घालता येणार नाही.

नफ्याचे काम थोडे अधिक कष्टाचे आहे. ‘या वर्षी नफा कमी झाला’ एवढे म्हणून भागणार नाही. एप्रिलपासूनची प्रत्येक विक्री त्या मालाच्या खरेदी बिलाशी जोडून तक्ता करावा लागेल आणि तो सनदी लेखापालाकडून प्रमाणित करून घ्यावा लागेल. विक्रीचे आकडे जीएसटी विवरणपत्रांशी जुळलेच पाहिजेत. तक्ता आणि विवरणपत्रे यांच्यात फरक निघाला तर तुमच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावाच तुमच्या विरुद्ध जाईल.

आणखी एक बाब आहे. नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट कायद्याने परत करावे लागते, म्हणजे तो कर तुमच्यासाठी खर्चच बनतो. तो दाव्यात मागितला होता का?

वहीतागा

मागितला नव्हता. ताळेबंद ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तक्ता करायला घेतला आहे. जोडणी पूर्ण झाल्यावर कळवतो.

मोजपट्टी

त्या कराबाबत सर्वेअरांमध्येही एकमत नाही. विमा रक्कम ठरवताना कर धरला होता का, यावर बरेच अवलंबून असते. आणि इथे पुन्हा तीच अडचण आहे: नुकसानीत कर मिळवायचा तर एकूण साठ्याच्या किमतीतही तो मिळवावा लागेल आणि तूट पुन्हा वाढेल. आधी दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहा.

ताळेबंद

इथे माझे मत थोडे वेगळे आहे. कोरड्या मालावरचे क्रेडिट शाबूत असते, त्यामुळे त्या मालाच्या किमतीत कर मिळवण्याचे कारण मला दिसत नाही. परत करावा लागणारा कर फक्त नष्ट मालाचा असतो आणि तो नुकसानीचाच भाग आहे.

मोजपट्टी

तुमचा युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे, पण कंपन्या तो सहज मानतील असे मला वाटत नाही.

कलम६४

मी ग्राहक न्यायालयात वकिली करतो, म्हणून अहवालाच्या कायदेशीर वजनाबद्दल लिहितो.

विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४-यूएम नुसार ठरावीक रकमेवरील नुकसानीसाठी परवानाधारक सर्वेअरचा अहवाल लागतो, परंतु त्याच कलमात असेही आहे की सर्वेअरने काढलेल्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम देण्याचा कंपनीचा अधिकार कायम राहतो. म्हणून ‘सर्वेअरने लिहिले, आमचे हात बांधलेले आहेत’ असे कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितल्यास ते मान्य करू नका. सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या एका खटल्यात म्हटले आहे की सर्वेअरचा अहवाल हा दाव्याचा आधार असू शकतो, पण तो अंतिम शब्द नव्हे.

त्याच वेळी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ च्या खटेमा फायबर्स प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की सर्वेअरने नियम पाळून आणि कारणे देऊन अहवाल केला असेल, तर ग्राहक आयोगाने त्याची बारीक चिरफाड करत बसू नये. त्यामुळे ‘रक्कम कमी वाटते’ या तक्रारीला किंमत नाही. ‘अमुक कागद पाहिला नाही, म्हणून अमुक आकडा चुकला’ अशी तक्रार असेल तर तिला आहे. वहीतागा यांच्या हातात आता नेमकी अशी तक्रार आहे.

सरळरेघ

मग दुसरा सर्वेअर नेमण्याची मागणी कंपनीकडे का करू नये? पहिल्याने महत्त्वाचे कागद पाहिलेच नाहीत, हे तर दिसतेच आहे.

कलम६४

मागणी करता येते, पण त्याचा आग्रह धरू नये असे माझे मत आहे. श्री व्यंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पहिला अहवाल पसंत पडला नाही म्हणून कंपनीला एकामागून एक सर्वेअर नेमता येत नाहीत, त्यासाठी ठोस कारणे द्यावी लागतात. हा निर्णय मुळात विमाधारकाचे रक्षण करणारा आहे. पहिल्याच सर्वेअरकडे नवे कागद पाठवून पुरवणी अहवाल मागवावा, हा मार्ग सोपा आणि जलद ठरतो.

मोजपट्टी

पुरवणी अहवालाबाबत मी पूर्ण सहमत आहे. सर्वेअरलाही आपला मूळ अहवाल चुकीचा ठरवला गेला असे वाटत नाही, कारण नवीन कागद आल्यामुळे आकडा बदलला असे तो लिहू शकतो. त्याला ही वाट मोकळी ठेवणारे पत्र लिहावे.

वहीतागा यांच्या आकड्यांत समजा तक्ता पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष नफा १४ टक्के निघाला आणि २ लाखांची न पोहोचलेली खरेदी वगळली गेली, तर हिशेब असा होईल: १६ आणि ३२ मिळून ४८ लाख, त्यातून विकलेल्या मालाचे २५ लाख ८० हजार वजा केले की साठा २२ लाख २० हजार उरतो. विमा रक्कम २० लाख असल्यामुळे तूट साधारण १० टक्के होते, ती माफीच्या मर्यादेत बसते आणि कपात पूर्णपणे जाते. मग ६,५०,००० मधून ५ टक्के वजावट जाऊन ६,१७,५०० मिळायला हवेत. जुना माल आणि साल्व्हेज यांना हात न लावताही जवळपास दीड लाखांचा फरक पडतो.

रद्दीभाव

साल्व्हेजबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. भिजलेल्या कागदाचे १ लाख ६० हजार कोण देणार आहे? माझ्या दाव्यात सर्वेअरने असाच आकडा धरला होता आणि प्रत्यक्ष खरेदीदाराने त्याच्या निम्मेही दिले नाहीत, कारण तोवर मालाला बुरशी लागली होती. ज्या दिवशी माल भिजतो त्याच आठवड्यात दोन-तीन खरेदीदारांकडून लेखी दर घ्यावेत आणि ते सर्वेअरला ईमेलने पाठवावेत. दर मान्य नसेल तर ‘हा माल तुम्ही धरलेल्या किमतीला कंपनीनेच उचलावा’ असे लिहावे. मी तसे लिहिल्यावर आकडा बदलला.

मोजपट्टी

हा अत्यंत उपयुक्त मुद्दा आहे, परंतु वेळेचा प्रश्न आहे. बंद रीम आणि सुटा ओला कागद यांना वेगवेगळा दर मिळतो आणि सर्वेअरने पाहणीच्या वेळची स्थिती पाहून किंमत धरलेली असते. माल सुकवणे, वेगळा करणे आणि अधिक नुकसान टाळणे ही विमाधारकाची जबाबदारी असते. नंतर बुरशीमुळे घटलेली किंमत कंपनीने सोसावी, असे म्हणता येत नाही. वहीतागा, तुमच्याकडे त्या काळातील लेखी दर आहेत का?

वहीतागा

दर तोंडी घेतले होते, लेखी नाहीत. जुन्या मालाच्या ९० हजारांबद्दलही विचारतो. त्यांनी सरसकट १० टक्के कापले आहेत.

मोजपट्टी

सरसकट टक्का हा अहवालातील कमकुवत भाग आहे. कोणत्या वस्तू किती काळ विकल्या गेल्या नव्हत्या याची यादी सर्वेअरने द्यायला हवी. तुम्ही वस्तूनिहाय शेवटच्या विक्रीची तारीख काढा. कोऱ्या वह्या आणि कागद दर महिन्याला विकले जात असतील तर त्यांवर वजावट का, असा प्रश्न विचारता येईल. गेल्या वर्षाच्या छापील डायऱ्या त्यात असतील, तर मात्र त्या भागावर गप्प राहिलेले बरे.

सावधपणे

एक व्यावहारिक शंका आहे. कंपनी ४,७५,००० देताना डिस्चार्ज व्हाउचरवर पूर्ण व अंतिम समाधान झाल्याची सही मागेल. सही केली की पुढचा हक्क संपतो ना? माझ्या भावाने म्हणूनच पैसे घेतले नाहीत आणि त्याचे पैसे अजून अडकून पडले आहेत.

कलम६४

सही केल्याने हक्क आपोआप संपत नाही. विमा नियामकाने २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना हे सांगितलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९९ पासून अशी भूमिका घेतली आहे की सही फसवणुकीने, दडपणाखाली किंवा चुकीच्या माहितीवर घेतली गेली हे विमाधारकाला दाखवावे लागते. म्हणून सही करण्याआधी किंवा त्याच दिवशी ‘अमान्य रकमेबाबतचा माझा हक्क राखून ही रक्कम स्वीकारत आहे’ असा ईमेल पाठवावा. काही महिन्यांनी पाठवलेल्या तक्रारीला न्यायालय तितके वजन देत नाही.

पुढच्या टप्प्याबद्दल मूळ प्रश्न होता, त्याचेही उत्तर देतो. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. उत्तर समाधानकारक नसेल किंवा एक महिन्यात आलेच नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. एकल मालकीच्या व्यवसायाला ही सोय आहे, ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथे मिळू शकते, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तिथे जावे लागते. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे, पण तिथे प्रकरण दाखल केले की लोकपाल ते हाती घेत नाही, म्हणून क्रम उलटा करू नये.

सरळरेघ

लोकपालासमोर हिशेबाचे इतके बारकावे समजावून सांगता येतात का? माझ्या माहितीतील एका व्यापाऱ्याला सुनावणीत फार थोडा वेळ मिळाला होता.

कलम६४

वेळ थोडाच असतो, हे खरे आहे. त्यामुळे एका पानावर सर्वेअरचा हिशेब डाव्या बाजूला आणि तुमचा उजव्या बाजूला मांडावा, आणि जिथे फरक आहे तिथे कागदाचा क्रमांक द्यावा. पुराव्याची खोल तपासणी किंवा साक्षीदाराची उलटतपासणी लागणार असेल तर ग्राहक आयोग बरा. या प्रकरणात कागद बोलतात, म्हणून मी लोकपालाची वाट सुचवेन.

वहीतागा

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ताळेबंद ताईंनी सांगितल्याप्रमाणे तक्ता पूर्ण केला आणि नफा १४.६ टक्के निघाला. ई-वे बिल, बिल्टी आणि प्रमाणित तक्ता कंपनीकडे पाठवला आणि पुरवणी अहवालाची विनंती केली. कंपनीने कागद सर्वेअरकडे पाठवले आहेत. काल सर्वेअरांचा फोन आला होता. न पोहोचलेले २ लाख ते वगळणार आहेत. नफ्याबाबत मात्र ते वर्षभराची सरासरी धरण्याच्या विचारात आहेत, कारण शाळांचा पुरवठा हंगामी होता असे त्यांचे म्हणणे आहे. साल्व्हेज बदलण्यास त्यांनी नकार दिला.

मोजपट्टी

वर्षाच्या सरासरीचा मुद्दा लेखी खोडून काढा. प्रश्न त्या रात्री गोदामात किती माल होता हा आहे, म्हणून १ एप्रिलपासून त्या रात्रीपर्यंत प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचाच नफा लागतो. त्यानंतरच्या महिन्यांत नफा किती होईल याचा त्या साठ्याशी काहीही संबंध नाही. १४.६ टक्क्यांनी साठा २२ लाख ३८ हजार येतो, म्हणजे तूट अजूनही माफीच्या आत आहे. मात्र २० टक्केच धरले तर २ लाख वगळूनही साठा २४ लाख राहतो, तूट १५ टक्क्यांच्या वर जाते आणि कपात परत येते. म्हणून तुमचा सगळा जोर याच एका आकड्यावर असू द्या.

ताळेबंद

त्या पत्रासोबत संस्थांना दिलेल्या पुरवठ्याची बिले वेगळी काढून जोडा आणि उरलेल्या विक्रीचा नफा स्वतंत्र दाखवा. उरलेल्या विक्रीत नफा गेल्या वर्षीइतकाच दिसला, तर घट कुठून आली हे सर्वेअरला आपोआप पटेल. पत्र फोनवरच्या बोलण्याची तारीख नमूद करून आजच ईमेलने पाठवा, म्हणजे पुरवणी अहवाल लिहून होण्याआधी ते त्यांच्यासमोर असेल.